एका घराचं कमिशन, दोन एजंट आणि मधलं ऑफिस

न्यू जर्सीत घरांचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटला गिऱ्हाइकाकडून थेट एक डॉलरही घेता येत नाही. ७५ तासांचा वर्ग करून, परीक्षा देऊन तिनं लायसन्स मिळवलेलं असतं. गिऱ्हाईक तिनं आणलेलं असतं, शनिवार-रविवार मोडून घरंही तिनंच दाखवलेली असतात. तरी कायद्याच्या नजरेत ते कमिशन तिच्या ब्रोकरचं. गिऱ्हाइकाशी झालेला करार ब्रोकरेजच्या नावावर असतो, पैसे ब्रोकरेजच्या खात्यात जातात आणि तिथून आपला हिस्सा कापून ऑफिस उरलेली रक्कम एजंटला देतं. अमेरिकेतल्या बाकी राज्यांतही सर्वसाधारणपणे हीच रीत आहे.

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे दोन दलाल एका व्यवहारात असले की बहुतेकदा ‘साइड बाय साइड’ ठरतं. ज्यानं त्यानं आपापल्या पार्टीकडून दलाली घ्यायची आणि मोकळं व्हायचं. २०१६च्या रेरा कायद्यानं एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो स्वतःच्या नावानं बिल करून पैसे घेऊ शकतो. अमेरिकेत साधं लायसन्स असलेल्या एजंटला ती सोय नाही. त्याच्या डोक्यावर एक ब्रोकर असावाच लागतो, आणि त्या दोघांत कमिशन कसं वाटायचं याचा लेखी करार असतो. त्या वाटपाला सगळे ‘स्प्लिट’ म्हणतात.

मध्य न्यू जर्सीतल्या अशाच एका ऑफिसात मी हिशेब बघते. एडिसन, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात मराठी आणि गुजराती घरं भरपूर, आणि नोकरी सांभाळून किंवा मुलं मोठी झाल्यावर एजंटचं लायसन्स काढणाऱ्या आपल्या बायकाही बऱ्याच. त्या जेव्हा एकमेकींच्या मदतीनं व्यवहार करतात, तेव्हा गैरसमज कुठे होतो हे मी जवळून पाहिलं आहे. दोघी आपसात टक्का ठरवतात आणि ऑफिस नावाचा तिसरा वाटेकरी त्या बोलण्यात नसतो.

एक व्यवहार सविस्तर बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल करून घेतले आहेत. एका नव्या एजंटला मंडळाच्या कार्यक्रमात एक जोडपं भेटलं. त्यांना घर घ्यायचं होतं. तिचा हा पहिलाच व्यवहार, म्हणून तिनं ऑफिसातल्या जुन्या, जाणत्या एजंटला सोबत घेतलं. सगळे तिला ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू. गिऱ्हाईक नवीचं, घासाघीस आणि कागदपत्रं ताईची, कमिशन अर्धं-अर्धं, असं कॉफी पिता पिता ठरलं. घर ठरलं ६,००,००० डॉलरला. खरेदीदाराच्या बाजूचं कमिशन अडीच टक्के, म्हणजे १५,००० डॉलर. विकणाऱ्याच्या एजंटचं कमिशन वेगळं. त्याचा या हिशेबाशी संबंध नाही.

हे अडीच टक्के कुठे ठरले तेही सांगायला हवं, कारण ती पद्धत अलीकडेच बदलली. पूर्वी विकणाऱ्याचा एजंट घराची माहिती एमएलएस या एजंटांच्या सामायिक यादीत टाकताना खरेदीदाराच्या एजंटला किती टक्के मिळणार तेही लिहून टाकायचा. त्यावर खटले झाले. ऑक्टोबर २०२३मध्ये मिसुरीतल्या ज्युरीनं घरमालकांच्या बाजूनं कौल दिला, त्यानंतर एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४पासून त्या यादीत कमिशनचा आकडा लिहिणं बंद झालं. आता या यादीवर काम करणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात आपला मोबदला स्पष्ट लिहावा लागतो. त्याहून जास्त त्याला कुठूनही घेता येत नाही. म्हणजे एका खरेदीदारामागे दोन एजंट असले काय नि चार असले काय, वाटायची रक्कम तेवढीच. आपल्या व्यवहारात ती १५,०००.

क्लोजिंग झालं, पैसे आले, मी दोघींचे चेक काढले. नवीच्या हातात ४,५०० डॉलरचा चेक पडला, ताईच्या हातात ६,७५०चा. नवी तशीच माझ्या टेबलाशी आली. “अर्धं-अर्धं ठरलं होतं ना? मग ताईंना सव्वादोन हजार जास्त कसे?”

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की अर्धं-अर्धं झालं होतं, फक्त ते १५,००० डॉलरचं झालं होतं. प्रत्येकीच्या वाट्याला ७,५०० आले. त्यानंतर प्रत्येकीचा ऑफिसशी असलेला करार लागू झाला. नवी ६०-४०वर आहे: साठ टक्के तिचे, चाळीस ऑफिसचे. ७,५००चे साठ टक्के ४,५००. ताई बरीच वर्षं मोठा धंदा आणते, तिचा करार ९०-१०चा. ७,५००चे नव्वद टक्के ६,७५०. ऑफिसकडे नवीच्या हिश्शातून ३,००० आणि ताईच्या हिश्शातून ७५०, असे ३,७५० राहिले.

एकाच ऑफिसात इतके वेगवेगळे करार कसे, याला थोडा इतिहास आहे. पूर्वी एजंट आणि ब्रोकर यांनी निम्मं-निम्मं वाटून घेण्याची पद्धत सर्रास होती. १९७३मध्ये डेन्व्हरमध्ये रीमॅक्स सुरू झालं, ते उलट विचार घेऊन: एजंटनं बहुतेक सगळं कमिशन स्वतः ठेवावं आणि ऑफिसला टेबल-खुर्चीचं, फोनचं, जाहिरातीचं ठरावीक भाडं द्यावं. धंदा आणणारे एजंट तिकडे वळायला लागले, तेव्हा बाकीच्या ब्रोकरांनाही आपली चांगली माणसं टिकवण्यासाठी स्प्लिट वाढवावं लागलं. त्यामुळे आज शिकवायला लागणारा नवा एजंट आणि स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक ओढणारा जुना एजंट शेजारी बसतात आणि त्यांचे करार वेगवेगळे असतात. मला यात अन्याय दिसत नाही. नव्याच्या चाळीस टक्क्यांत ब्रोकरची देखरेख असते, चूक झाली तर अंगावर येणारी जबाबदारी असते. अन्याय होतो तो हे आधी समजावून न सांगितल्यावर.

नवीनं मग दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. “आधी ऑफिसचं कापून उरलेलं अर्धं-अर्धं केलं असतं तर?” पुष्कळ जणांना वाटतं की आधी कापायचं की आधी वाटायचं, या क्रमावर सगळं अवलंबून आहे. टक्केवारीत क्रमानं काही बिघडत नाही. पंधरा हजारांचं अर्धं करून साठ टक्के घ्या किंवा साठ टक्के घेऊन अर्धं करा, ४,५००च येतात. खरा प्रश्न, पूर्ण रकमेवर कोणाच्या करारानं कापायचं.

समजा पूर्ण व्यवहार नवीच्या नावावर दाखवला. ऑफिस १५,०००चे चाळीस टक्के म्हणजे ६,००० ठेवेल. उरलेल्या ९,०००चे दोन वाटे, दोघींना ४,५००. नवीला जेवढे मिळाले होते तेवढेच मिळाले. ताईचे मात्र २,२५० कमी झाले, आणि ते ऑफिसकडे गेले. ‘सारखं वाटप’ झालं खरं, पण त्याचा फायदा नवीला नव्हे, ऑफिसला.

आता उलट करू. पूर्ण व्यवहार ताईच्या नावावर दाखवला. ऑफिस फक्त १,५०० घेईल, उरलेल्या १३,५००तून दोघींना ६,७५०. ताईला आधीइतकेच, नवीला २,२५० जास्त, आणि ऑफिसला तेवढेच कमी.

हे नीट पाहिलं की भांडण कोणाचं कोणाशी आहे ते कळतं. आपसातला वाटा अर्धा-अर्धा असेल, तर प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या कराराप्रमाणे मिळतं तोवर सगळं ठीक. एकीचा करार दुसरीच्या अर्ध्यावर लावला की २,२५० डॉलर एजंट आणि ऑफिस यांच्यात इकडून तिकडे जातात. नवीला वाटलं होतं की तिचे पैसे ताईकडे गेले. ताईला जास्त मिळालेले २,२५० नवीच्या खिशातून आलेलेच नव्हते. ते ऑफिसनं ताईच्या हिश्शावर सोडलेले होते.

तिसरा हिशेब बघून कोणालाही सुचेल की मग दर वेळी मोठ्या स्प्लिटवाल्या एजंटच्या नावावरच व्यवहार टाकावा. ब्रोकरना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून बहुतेक ऑफिसांच्या करारात किंवा नियमपुस्तिकेत एक वाक्य असतं: एकाहून अधिक एजंटांनी केलेल्या व्यवहारात एकूण कमिशन आधी एजंटांमध्ये वाटलं जाईल आणि प्रत्येक हिश्शावर त्या त्या एजंटचं स्प्लिट लागू होईल. नव्या एजंटनं सही करण्याआधी हे वाक्य शोधावं. ते नसेल तर ब्रोकरला विचारून उत्तर ईमेलवर घ्यावं. काही ऑफिसांत नव्यांच्या पहिल्या काही व्यवहारांसाठी मार्गदर्शकाचा हिस्सा वेगळा ठरलेला असतो; तसं असेल तर तो हिस्सा एकूण रकमेतून जातो की नव्याच्या वाट्यातून, हेही तिथेच विचारायचं.

क्रमानं काही बिघडत नाही असं मी म्हटलं, पण ते निव्वळ टक्क्यांपुरतं. ठोक रक्कम मध्ये आली की क्रम बोलायला लागतो, आणि ती दोन वाटांनी येते.

पहिली वाट ‘कॅप’ची. बऱ्याच ऑफिसांत वर्षभरात एजंटकडून ठरावीक रकमेपर्यंतच हिस्सा कापतात. ती रक्कम भरली की वर्षाच्या उरलेल्या काळात कमिशन जवळजवळ पूर्ण एजंटचं. समजा ताईची कॅप १५,०००ची आहे आणि या व्यवहाराआधी तिचे १४,५०० भरून झाले आहेत. दहा टक्क्यांनी ७५० होतात, पण भरायचे राहिलेत ५००. तर ५००च कापले जातील आणि ताईला ७,००० मिळतील. अशा वेळी व्यवहार नवीच्या नावावर दाखवून ऑफिसनं ६,००० ठेवले, तर त्यातले किती ताईच्या कॅपमध्ये मोजायचे? करारात उत्तर नसेल तर ताईच्या खात्यावर शून्य लागण्याचीच शक्यता जास्त, कारण कागदावर तिनं काही कमावलंच नाही. वर्षाच्या शेवटी हे लक्षात येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी वाट रेफरलची. तिच्यात नुकसान मोठं होतं म्हणून जरा थांबू. समजा ते जोडपं मंडळात भेटलं नव्हतं. ते टेक्सासहून न्यू जर्सीत राहायला येत होतं आणि तिकडच्या एजंटनं ते नवीकडे पाठवलं होतं. अशा वेळी पाठवणाऱ्याला कमिशनचा पाव हिस्सा देण्याची पद्धत आहे. तोही त्या एजंटला थेट जात नाही. या ब्रोकरकडून त्या ब्रोकरला जातो. १५,०००चा पाव हिस्सा ३,७५०.

हे ३,७५० सगळ्यांत वरून, वाटपाच्या आधीच काढले, तर उरतात ११,२५०. दोघींचे ५,६२५. त्यातून नवीला ३,३७५ आणि ताईला ५,०६२.५०. भार सगळ्यांनी मिळून उचलला, ऑफिसनंही. पण ताई म्हणू शकते की गिऱ्हाईक आणण्याचा खर्च गिऱ्हाईक आणणारीनं सोसावा. मग ३,७५० एकट्या नवीच्या ७,५००मधून जातील. उरलेल्या ३,७५०वर साठ टक्के, म्हणजे तिला २,२५०. आणि ऑफिसनं आपले चाळीस टक्के आधी, पूर्ण ७,५००वर कापून घेतले आणि रेफरल नंतर तिच्या हिश्शातून वजा केलं, तर ४,५००तून ३,७५० जाऊन तिच्या हातात येतील फक्त ७५० डॉलर.

तेच घर, तेच काम, तोच पाव हिस्सा. फरक पडला तो वजाबाकी कुठे केली याचा: ३,३७५, २,२५० किंवा ७५०. म्हणून रेफरलचा कागद सही होताना ‘एकूण कमिशनच्या २५ टक्के’ एवढं वाचून पुढे जाऊ नये. ती रक्कम ऑफिसच्या हिश्शाआधी जाणार की नंतर आणि सोबतच्या एजंटवर तिचा भार पडणार की नाही, हे दोन्ही लिहून घ्यावं. ऑफिस रेफरलनंतर उरलेल्या रकमेवरच आपला हिस्सा घेत असेल, तर तो प्रामाणिक ब्रोकर समजावा. जे पैसे ऑफिसात राहणारच नाहीत, त्यांवर चाळीस टक्के घेणं मला पटत नाही, करारात ते बसत असलं तरी.

हा सगळा हिशेब क्लोजिंगच्या आधी एका पानावर उतरतो. त्याला कमिशन डिस्बर्समेंट ऑथरायझेशन म्हणतात, रोजच्या बोलण्यात सीडीए. घराचा पत्ता, विक्रीची किंमत, एकूण कमिशन, रेफरल असल्यास ते, आणि कोणाला किती. ब्रोकरच्या सहीनं ते क्लोजिंग करणाऱ्या वकिलाकडे किंवा टायटल कंपनीकडे जातं. काही ऑफिसं पूर्ण रक्कम स्वतःकडे मागवून मग वाटतात, आमचं तसंच आहे, पण पान तेव्हाही भरलं जातं. एजंटनं ते मागून घ्यावं. तिथे आपल्या एकटीचंच नाव दिसलं, किंवा सोबतच्या एजंटचं नाव आहे पण टक्का रिकामा आहे, तर थांबवून विचारायची हीच वेळ. पैसे एकदा वाटले गेले की परत मागणं फार अवघड जातं, विशेषतः रोज शेजारी बसणाऱ्या माणसाकडून.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो, आणि तो करू नये. व्यवहार एकीच्या नावावर राहू दे, मग तिनं दुसरीला घरी बसून चेक लिहून द्यावा, नाहीतर फोनवरून पैसे पाठवावेत. मैत्रिणींमध्ये हे साधं वाटतं. पण न्यू जर्सीत एजंटला मोबदला फक्त स्वतःच्या ब्रोकरकडूनच घेता येतो. दुसऱ्या एजंटकडून या कामाचे पैसे घेणं म्हणजे नियमभंग, आणि त्यात लायसन्स अडचणीत येऊ शकतं. शिवाय कर आहेच. एजंट नोकरदार नसतो, स्वतंत्र धंदा करणारा धरला जातो. वर्षाच्या शेवटी ब्रोकर 1099-NEC या फॉर्मवर त्याला दिलेली रक्कम सरकारला कळवतो. सगळे पैसे एकीच्या नावावर गेले तर दुसरीला दिलेली अर्धी रक्कमही तिचीच कमाई म्हणून दिसते. नेहमीच्या आयकराशिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही या कमाईवर लागतो, आणि दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवायची तर तो खर्चच नियमबाह्य.

दोघी एजंट वेगवेगळ्या ब्रोकरेजच्या असतील तर गुंता आणखी वाढतो. त्यांच्यात ठरलेलं अर्धं-अर्धं कोणत्याच ऑफिसला बांधील नसतं, कारण कमिशन त्यांचं नव्हे, ब्रोकरांचं. तेव्हा एका ब्रोकरनं दुसऱ्या ब्रोकरला किती द्यायचं याचा कागद दोन्ही ब्रोकरांच्या सहीनं व्हावा लागतो, तोही घर ठरण्याच्या आधी. घराच्या व्यवहारातल्या कामांसाठी गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैशाची देवाणघेवाण करायला बंदी घालणारा १९७४चा रेस्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. ब्रोकर-ब्रोकरांतल्या अशा वाटपाला त्यात सूट आहे. लायसन्स नसलेल्या ओळखीच्या माणसाला ‘गिऱ्हाईक दिलंस म्हणून’ पाकीट द्यायला मात्र ती सूट नाही.

आमच्या नवीनं आणि ताईनं पुढचं गिऱ्हाईकही मिळून घेतलं. या वेळी पहिलं घर दाखवायच्या आधी नवीचा ईमेल ब्रोकरला गेला, ताईला आणि मला प्रत. मजकूर चार ओळींचा होता: गिऱ्हाइकाचं नाव, एकूण कमिशनचा वाटा नवीला ६० टक्के, ताईला ४०, कारण या वेळी बरीचशी कागदपत्रं नवी करणार, प्रत्येकीच्या हिश्शावर तिचं स्वतःचं स्प्लिट, आणि दर व्यवहाराला ऑफिस जी ४०० डॉलर फी घेतं ती एकदाच, याच प्रमाणात. ब्रोकरनं खाली ‘मान्य’ लिहून पाठवलं. ४०० डॉलर दोघींकडून वेगवेगळे घ्यायचे की एकदाच, हा प्रश्न माझ्याही डोक्यात तोवर आला नव्हता. ऑफिसच्या नियमपुस्तिकेत त्याबद्दल काहीच नव्हतं. आता आहे.